धुऱ्यावरचा वाद आणि गिळलेले शब्द

यवतमाळ जिल्ह्यात दोन शेतांमधल्या बांधाला धुरा म्हणतात. उन्हाळवाहीच्या दिवसांत शेजाऱ्याचा ट्रॅक्टर वळतो आणि धुऱ्याचं एक तास कापून जातो. शेताची लांबी ४०० फूट आणि तास फूटभर रुंद धरलं, तर एका हंगामात ४०० चौरस फूट जमीन सरकते. गुंठा १०८९ चौरस फुटांचा असतो. म्हणजे तीन हंगामांत गुंठाभराहून जास्त जमीन पलीकडे गेलेली असते.

ज्याची जमीन जाते, त्याला पहिल्याच वर्षी ते दिसतं. पण शेजारी भावकीतला असतो, वयानं मोठा असतो, अडीअडचणीला त्याचीच बैलजोडी लागते. म्हणून तो ‘जाऊ दे’ म्हणतो. दुसऱ्या वर्षी घरात बायकोजवळ धुसफुसतो. तिसऱ्या वर्षी पारावर चारचौघांत टोमणा मारतो. चौथ्या वर्षी कुठल्या तरी सकाळी काठ्या निघतात, पोलीस स्टेशनात परस्परविरोधी तक्रारी होतात आणि दिवाणी दावा उभा राहतो. गावाला वाटतं, वाद एकाएकी पेटला. खरं तर वाद फूटभर जमिनीचा असतो. तो विकोपाला जातो तो पुष्कळदा न बोलता गेलेल्या तीन वर्षांमुळे.

शब्द गिळण्याच्या या सवयीवर मानसशास्त्रात पाऊणशे वर्षं काम झालं आहे. शांतपणे, ठामपणे बोलण्याचा सराव करता येतो, असं ते काम सांगतं. त्यातलं यवतमाळसारख्या शेतीच्या, भावकीच्या आणि मजुरीच्या जिल्ह्यात काय उपयोगी पडतं आणि कुठे ते तोकडं पडतं, याचा हा आढावा.

गप्प बसण्याची सवय कशी लागते

गप्प बसणाऱ्याला आपण भित्रा किंवा गरीब स्वभावाचा म्हणतो आणि विषय संपवतो. अभ्यासकांनी मात्र स्वभावापेक्षा सवयीकडे लक्ष दिलं. बोलायची वेळ आली की छाती धडधडते, घसा कोरडा पडतो. बोलणं टाळलं की धडधड लगेच थांबते. ही सुटका त्याच क्षणी मिळते. तोटा मात्र महिन्यांनी, वर्षांनी कळतो. ज्या वागण्यानं ताबडतोब सुटका मिळते ते वागणं माणूस पुन्हा करतो, आणि दर खेपेला पुढचं बोलणं थोडं अधिक अवघड होऊन बसतं.

अमेरिकेत अँड्र्यू साल्टर यांनी १९४९च्या आपल्या पुस्तकात अशा दबून राहणाऱ्या माणसांसाठी भावना उघड बोलून दाखवण्याचे धडे मांडले. दक्षिण आफ्रिकेतल्या जोसेफ वोल्पे यांनी १९५८च्या आपल्या ग्रंथात त्याला शास्त्रीय बैठक दिली. त्यांचं म्हणणं असं, की ठामपणे बोलणं आणि भीती या दोन गोष्टी शरीरात एकाच वेळी नीट नांदू शकत नाहीत. पहिलीचा सराव वाढवला की दुसरी मागे हटते. १९७० साली रॉबर्ट अल्बर्टी आणि मायकल एमन्स यांच्या पुस्तकानं हा उपचार दवाखान्याबाहेर काढून सामान्य वाचकाच्या हातात दिला, आणि त्या दशकात अमेरिकेतल्या स्त्रियांच्या चळवळीनं तो उचलून धरला. आपल्याकडे याच्या शेजारचा विचार मुंबईच्या कि. मो. फडके यांनी पोचवला. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती त्यांनी मराठी वाचकांपर्यंत आणली. ‘सगळ्यांना मी आवडलोच पाहिजे’ हा हट्ट माणसाला गप्प कसा बसवतो, ही त्या पद्धतीतली एक मूळ मांडणी आहे.

गिळलेल्या शब्दाची किंमतही मोजली गेली आहे. डॅना जॅक यांनी नैराश्यातल्या स्त्रियांशी बोलून १९९१ साली दाखवलं, की नातं टिकावं म्हणून स्वतःचं मत सतत दाबणं हा त्यांच्या दुखण्याचा एक मोठा धागा होता. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या आरोग्य पाहणीतून २००७ साली एक निष्कर्ष आला. नवऱ्याशी वाद होताना गप्प बसणाऱ्या स्त्रियांमध्ये, न बसणाऱ्यांच्या तुलनेत, दहा वर्षांच्या काळात मृत्यूचा धोका चौपट आढळला. पुरुषांमध्ये तसा संबंध दिसला नाही. गप्प बसल्यामुळेच मृत्यू आला, असं एवढ्यावरून सिद्ध होत नाही. ज्या घरात बाईला गप्प बसावं लागतं, त्या घरात तिच्या तब्येतीकडेही दुर्लक्ष होत असेल. पण गप्प बसणं फुकटात पडतं, हा समज ठेवायला आता जागा उरलेली नाही.

इथे एक भेद करायला हवा. सगळंच मौन भीतीतून येत नाही. म्हातारी आजी जेवणाला नावं ठेवते आणि सून हसून सोडून देते, तेव्हा तिनं विचार करून सोडलेलं असतं. ओळखायची खूण सोपी आहे. जे खरोखर सोडलं ते पुन्हा डोक्यात येत नाही. जे गिळलं ते रात्री झोपताना येतं, दुसऱ्याच कुणापाशी बोललं जातं, आणि शेवटी टोमणा होऊन किंवा अबोला होऊन बाहेर पडतं.

यवतमाळच्या मांडवातली दोन उदाहरणं

टाळणं ही एकट्या माणसाचीच सवय असते असं नाही. संस्थांनाही ती लागते. ९२वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन जानेवारी २०१९मध्ये यवतमाळला भरलं. उद्घाटनासाठी इंग्रजीत लिहिणाऱ्या ज्येष्ठ लेखिका नयनतारा सहगल यांना बोलावलं होतं. इंग्रजी लेखिका नको, म्हणून विरोध झाला, संमेलन उधळण्याची भाषा झाली आणि गोंधळ टळावा असं कारण देत आयोजकांनी निमंत्रण मागे घेतलं. झालं उलटंच. राज्यभर वाद उसळला, अनेक साहित्यिकांनी संमेलनाला यायला नकार दिला, साहित्य महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद भालचंद्र जोशी यांनी राजीनामा दिला. एक वाद टाळायला गेलेल्यांच्या पदरात त्याहून मोठा वाद पडला.

त्याच मांडवात दोन बायका बोलल्या. संमेलनाध्यक्ष अरुणा ढेरे यांनी बहिष्काराचा रस्ता धरला नाही, आणि विषयाला बगलही दिली नाही. अध्यक्षपदावरूनच त्यांनी निमंत्रण मागे घेणं चुकीचं होतं, असं संयत शब्दांत सांगितलं. उद्घाटन केलं ते कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या त्या पत्नी. नवऱ्यामागे उरलेल्या बाईच्या वाट्याला काय येतं, हे त्यांनी हजारो लोकांसमोर आपल्या बोलीत मांडलं. दोघींच्या बोलण्यात आरडाओरडा नव्हता. दोघींनी कुणाची मनधरणीही केली नाही. अभ्यासक ज्याला ठाम बोलणं म्हणतात ते हेच: समोरच्याचा मान ठेवून, स्वतःचा मान न सोडता, जे आहे ते सांगणं.

वाक्य कसं बांधायचं

व्यासपीठावर भाषण लिहून नेता येतं. धुऱ्यावर तसं नसतं, म्हणून तिथलं वाक्य आधी बांधून ठेवावं लागतं. त्यासाठी सगळ्यात सोपा आराखडा शेरन आणि गॉर्डन बॉवर या दांपत्यानं १९७६ साली दिला. त्यात चार पायऱ्या आहेत. काय दिसलं ते सांगायचं. त्यानं आपल्याला काय वाटतं ते सांगायचं. नेमकं काय हवं ते सांगायचं. आणि तसं झालं तर, किंवा नाही झालं तर, पुढे काय होईल ते सांगायचं.

धुऱ्याचंच उदाहरण घेऊ. तिशीतला शेतकरी आहे, शेजारचं शेत चुलत काकांचं आहे. तीन वर्षं मनात साचलं, की तोंडातून पहिल्यांदा निघतं ते असं: “काका, तुमी दरसाली माया धुरा कोरता. माया बाप गरीब होता म्हणून तुमचं चाललं.” यात एकही गोष्ट काका कबूल करू शकत नाहीत. ‘दरसाली’ म्हटलं की ते एखादं साल काढून दाखवतील. ‘कोरता’ म्हटलं की हेतूवर आरोप आला. प्रत्यक्षात ट्रॅक्टर भाड्याचा आणि चालवणारा परगावचा असेल, तर काकांना ते ठाऊकही नसेल. आणि बाप काढला की जमिनीचा विषय संपून घराण्याचा सुरू झाला.

तेच चार पायऱ्यांत बसवलं तर असं होतं:

“काका, आपल्या मधचा धुरा मागच्या साली तीन फूट होता. औंदा मी टेप लावला तर दोन फूट भरला. मले त्याची काळजी वाटते, पुढं आपल्यात वाकडं यायला नको. पेरणीच्या आत आपण दोघं मिळून मोजणीचा अर्ज करू, फी निम्मी-निम्मी भरू. एकदा खुणा रोवल्या की ट्रॅक्टरवाल्यालेही दिसते अन् आपल्या पोरांचंही भांडण मिटते.”

पहिलं वाक्य टेपचं आहे. त्यावर वाद घालायचा तर काकांनाही टेपच आणावी लागेल. म्हणून बोलायच्या आधी मोजून ठेवणं हा सरावाचाच भाग आहे. दुसऱ्या वाक्यात ‘मले’ आहे, ‘तुमी’ नाही. तिसरं वाक्य होण्याजोगं आहे: तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करता येतो, आणि मोजणीआधी शेजारच्या खातेदारांना नोटीस जाते. ‘नीट वागा’ ही मागणी नव्हे, कारण नीट वागलं की नाही हे कशानं ठरवणार? चौथ्या वाक्यात धमकी नाही, दोघांचाही फायदा आहे.

पण काका लगेच ‘हो’ म्हणतील, असं धरून चालू नये. खरा सराव इथून पुढचा असतो. मॅन्युएल स्मिथ यांनी १९७५च्या आपल्या पुस्तकात दोन युक्त्या लोकप्रिय केल्या, त्या इथे कामी येतात. एक म्हणजे समोरच्याच्या बोलण्यातला खरा भाग शांतपणे मान्य करणं. दुसरी म्हणजे त्याच्या फाट्यांवर न वळता आपलं मागणीचं वाक्य तेच, तसंच, पुन्हा म्हणणं. संभाषण पुढे असं जाईल:

“तुया बापानं कधी तोंड उघडलं नाही, अन् तू मले शिकवतो?”

“बाबा बोलले नाही, हे खरं हाय काका. मोजणी करून घेऊ, म्हणतो मी.”

“म्हणजे मी चोर हाय का?”

“मी तसं म्हटलं नाही. टेपात एक फूट कमी भरते, एवढंच हाय. मोजणी करून घेऊ.”

“पाहू मंग पोळ्यानंतर.”

“पोळ्याले तर पीक उभं राहते. आठ दिवसांत सांगा. नाही जमलं तर मी एकटा अर्ज करतो. नोटीस आली तर राग मानू नका, मी तुमाले आधी सांगितलं.”

शेवटचं उत्तर महत्त्वाचं आहे. त्यात पुढचं पाऊल आहे, मुदत आहे, आणि ते पाऊल बोलणारा खरोखर उचलू शकतो. जे करणार नाही ते कधी सांगू नये. ‘कोर्टात खेचीन’ म्हणून घरी येऊन झोपलेल्या माणसाचं पुढचं बोलणं कुणी मनावर घेत नाही.

सराव म्हणजे काय करायचं

असं बोलणं वाचून येत नाही. उपचारांत त्याचा सराव पायरीनं करून घेतात. आधी आपल्याला जिथे शब्द गिळावे लागतात अशा प्रसंगांची यादी करायची आणि प्रत्येकाला भीतीचे गुण द्यायचे, शून्य ते शंभर. ही मोजपट्टी वोल्पे यांचीच. धुऱ्याला कुणी ८० देईल. मग सुरुवात धुऱ्यापासून करायची नाही. तिशीच्या घरातल्या प्रसंगापासून करायची.

कृषी केंद्र ही त्यासाठी चांगली जागा आहे. युरियाच्या पोत्यासोबत दुकानदार नको असलेलं द्रवखत किंवा कीटकनाशक गळ्यात मारतो, त्याला लिंकिंग म्हणतात. हंगामाच्या घाईत शेतकरी ते निमूट घेतो. तिथे म्हणून पाहायचं वाक्य लहान आहे: “भाऊ, मले फक्त युरिया पाहिजे. बाकीचं नको. पक्की पावती द्या.” उत्तर काही आलं तरी तेच पुन्हा म्हणायचं. उधारीवर माल घेणाऱ्याला हे अवघड जातं, कारण त्याचा पुढचा हंगाम त्याच दुकानावर अवलंबून असतो. म्हणून पहिला प्रयोग रोखीनं माल घेताना करावा. तो जमला की उसने पैसे परत मागणं, मग लग्नाच्या खर्चावरून घरातल्या मोठ्यांशी बोलणं, आणि त्यानंतर धुरा.

प्रत्येक पायरीआधी तालीम हवी. वाक्य मोठ्यानं म्हणायचं, मनात नाही; मनात म्हटलेलं वाक्य तोंडात आलं की अडखळतं. घरातल्या कुणाला तरी समोरचा माणूस व्हायला सांगायचं आणि त्यानं जास्तीत जास्त लागेल असं उत्तर द्यायचं. मग भूमिका बदलायच्या. काकांच्या जागी उभं राहून तेच वाक्य ऐकलं, की त्यातला कोणता शब्द टोचतो ते लगेच कळतं.

प्रसंग झाल्यावर दोन ओळी लिहून ठेवाव्यात: काय होईल असं वाटलं होतं, आणि काय झालं. ही नोंद फार उपयोगाची, कारण आपला अंदाज पुष्कळदा चुकतो. कोलंबिया विद्यापीठातले डॅनियल एम्स आणि त्यांच्या सहकारी ॲबी वाझलॅवेक यांनी २०१४ साली वाटाघाटी करणाऱ्यांचा अभ्यास केला. समोरच्याला ज्यांचं बोलणं अगदी योग्य वाटलं होतं, त्यांच्यातल्या अनेकांना स्वतःला मात्र ‘मी फारच ताणलं’ असं वाटत होतं. गप्प बसणाऱ्याला आपलं साधं बोलणंही भांडण वाटतं. वहीत लिहिलेला अनुभव हळूहळू हा अंदाज सुधारतो.

सराव बिघडतो तोही ठरावीक ठिकाणी. लोक मूळ वाक्याआधी इतकी माफी मागतात, की मागणी पोचतच नाही. “तसं काही नाही, पण राग येणार नसेल तर” इथेच अर्धा वेळ जातो. किंवा चार लोकांसमोर बोलतात, मग समोरच्याला आपली इज्जत राखण्यासाठी नाही म्हणणं भाग पडतं. समोरचा प्यालेला असताना बोलू नये; लग्नाच्या पंगतीत, मयताच्या घरी बोलू नये. धुऱ्याचं बोलणं धुऱ्यावर, दोघंच असताना, वाही सुरू होण्याआधी करावं. आणि एका बैठकीत एकच विषय. धुऱ्यासोबत विहिरीचं पाणी आणि बहिणीच्या लग्नातला आहेर निघाला, तर त्यातलं काहीच सुटत नाही.

एवढं केलं तर काय हाती लागतं? सत्तरच्या दशकात या प्रशिक्षणावर भरपूर संशोधन झालं. भीती कमी होणं, स्वतःबद्दलचं मत सुधारणं आणि नात्यातला ताण उतरणं, असे फायदे त्यातून दिसले. पुढे ही पद्धत इतर उपचारांत मिसळून गेली आणि तिचं वेगळं नाव मागे पडलं. २०१८ साली अमेरिकेतल्या तीन मानसशास्त्रज्ञांनी जुने पुरावे पुन्हा तपासून, ही विसरली गेलेली पण पुरावा असलेली पद्धत आहे, असं लिहिलं. म्हणजे ती कालबाह्य ठरलेली नाही. फक्त फॅशनमधून गेली.

जिथे वाक्य पुरत नाही

इथपर्यंतचं सगळं एका गृहीतकावर उभं आहे: बोललं तर फार काही बिघडत नाही, आपल्यालाच ते मोठं वाटतं. धुऱ्यावर, दुकानात हे बऱ्याचदा खरं असतं. पण जिथे बोलण्याची किंमत खरोखर मोठी असते, तिथे काय?

याचं कठोर उत्तर यवतमाळनंच दिलं आहे. २०१७च्या खरिपात कपाशीवर फवारणी करताना जिल्ह्यात शेकडो शेतमजूर आणि शेतकरी विषबाधेनं दवाखान्यात दाखल झाले, सुमारे वीस जण दगावले. त्या वर्षी कपाशी माणसाच्या उंचीएवढी वाढली होती, झाडं दाट होती, फवारा तोंडावर येत होता. दोन-तीन औषधं एकत्र मिसळून मारली जात होती. डोळ्यांची जळजळ, अंधूक दिसणं, मळमळ, घाम, तोंडाला लाळ, अशा तक्रारी घेऊन माणसं यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात येत राहिली.

कीटकनाशक नियम १९७१मध्ये संरक्षक कपडे आणि श्वसनाची साधनं यांची तरतूद आहे. डब्यावरच्या रंगीत चौकोनातला लाल रंग सर्वाधिक विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा, हेही ठरलेलं आहे. पण हातमोजे आणि मास्क नसताना ‘मी पंप उचलत नाही’ असं मजूर का म्हणत नाही? कारण त्याला माहीत असतं, की तो नाही म्हणाला तर दुसरा उचलेल, आणि उद्याची मजुरीही त्याच शेतावर आहे. त्याची भीती अवास्तव नाही. त्याला ठामपणाचे धडे देणं म्हणजे यंत्रणेची जबाबदारी त्याच्या जिभेवर टाकणं.

तरीही वाक्याला काही जागा उरते, पण ते वाक्य वेगळं असतं. नकारापेक्षा अट बरी: “मालक, फवारणी करतो. हातमोजे, मास्क द्या अन् डबा दाखवा, चौकोन कोणता हाय ते पाहू द्या. वारं सुटलं की थांबतो.” आणि ते एकट्यानं म्हणण्याऐवजी फवारणीच्या टोळीनं आदल्या रात्री ठरवून म्हणावं. सगळे मजूर तीच अट घालतात, तेव्हा ‘दुसरा उचलेल’ हे मालकाच्या हातातलं उत्तर निघून जातं. ठाम बोलण्याच्या पाश्चात्त्य पुस्तकांत बोलणारा बहुतेक वेळा एकटा असतो. मजुराच्या बाबतीत तो एकटा असून चालत नाही.

गावातल्या बायकांनी हे पूर्वीच ओळखलं. नवऱ्याला, दुकानदाराला तोंडावर ‘दारूचं दुकान नको’ म्हणणं एकटीला झेपणारं नव्हतं. म्हणून मतदानानं दुकान बंद करण्याचा रस्ता त्यांनी धरला. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली असते. आडव्या बाटलीवर शिक्का मारणारीचं नाव कुणाला कळत नाही, पण तिचं म्हणणं मोजलं जातं. यवतमाळ जिल्ह्यातही दारूबंदीसाठी बायकांनी मोठ्या संख्येनं मोर्चे काढले आहेत. समोरासमोर बोलण्याचा आग्रह धरणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, की गुप्त मतदान हेही ठाम बोलणंच आहे.

मारहाणीच्या घरात तर शांत वाक्याचा सराव धोक्याचा ठरू शकतो. जिथे उलट बोललं की हात उगारला जातो, तिथे चार पायऱ्यांचा आराखडा बाजूला ठेवून आधी सुरक्षित जागा शोधावी. महिलांसाठी १८१ ही मदतवाहिनी आहे, आणि २००५च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. मनात साचलेलं आता जगणंच नको करतंय, असं कुणाला वाटत असेल, तर टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्री मराठीत बोलता येतं. शेतकरी आत्महत्यांच्या जिल्ह्यांत २०१५पासून सुरू झालेल्या प्रेरणा प्रकल्पात आशा कार्यकर्त्या घरोघरी जाऊन विचारपूस करू लागल्या, त्यामागचा हिशेबही हाच होता. कर्जाचं ओझं असलेला माणूस स्वतः होऊन बोलायला येत नाही. कुणी तरी दारात जाऊन विचारावं लागतं.

समेट आणि दबाव

बोलूनही मिटलं नाही तर पुढची पायरी गावातच आहे. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम राज्यात १५ ऑगस्ट २००७ला सुरू झाली. गावसमितीसमोर तंटा ठेवायचा आणि सामोपचारानं मिटवायचा, ही कल्पना. धुऱ्याच्या वादांसाठी ती चांगली आहे. तारखा कमी, खर्च कमी, आणि दोघांनाही उद्या एकाच पाणवठ्यावर जायचं असतं, हे समितीला ठाऊक असतं.

पण तिच्यात एक खोट शिरते. मोहिमेत मिटलेल्या तंट्यांवर गावाला गुण आणि बक्षीस होतं. मिटवायची घाई झाली, की ज्याचा आवाज लहान त्याला समजावलं जातं. बैठकीत काका बोलतात, पुतण्या मान हलवतो, कागदावर अंगठे उठतात आणि तंटा मिटल्याची नोंद होते. खरं म्हणजे पुतण्यानं शब्द पुन्हा गिळलेला असतो, या वेळी गावाच्या साक्षीनं. असा समेट झाला की नाही, हे ओळखायला दोन प्रश्न पुरतात. कमजोर बाजूनं आपली मागणी स्वतःच्या तोंडानं, एका वाक्यात सांगितली का? आणि समेटात मोजता येईल अशी काही गोष्ट आहे का, म्हणजे किती फूट, कोणती तारीख, कुणाचा खर्च? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल, तर तो समेट पुढच्या वाहीपर्यंत टिकत नाही.

एकंदर निर्णय असा देता येईल. आपल्या बरोबरीच्या किंवा नात्यातल्या माणसाशी असलेल्या रोजच्या मतभेदांत शांत, ठाम बोलण्याचा सराव खरोखर कामाचा आहे. तिथे आपली भीती वास्तवापेक्षा मोठी असते आणि चार नीट वाक्यांनी वर्षानुवर्षं साचणारा राग टळतो. मजूर आणि मालक, उधारीवाला आणि दुकानदार, सासरी दबलेली सून आणि हात उगारणारा नवरा यांच्यात मात्र एकट्याच्या वाक्यावर भरवसा ठेवू नये. तिथे सोबत, कायदा आणि गुप्त मत यांचं बळ लागतं. म्हणून तंटामुक्ती समित्यांना एक विनंती. दोन्ही बाजूंना एकत्र बसवण्याआधी कमजोर बाजूला वेगळं भेटा, तिची मागणी तिच्याच शब्दांत लिहून घ्या, आणि बैठकीत सगळ्यात आधी ती वाचून दाखवा. याला निधी लागत नाही, नवा शासन निर्णयही लागत नाही.